चिक्कीचा नफा 148 रुपयेच

सातवीची मुलं शाळेत चालवतात त्या दुकानाच्या आठवड्याच्या हिशेबावर मी लेख लिहिला होता. त्यावरची प्रतिक्रिया: «चिक्कीला 960 रुपये घातले, गल्ल्यात 900 आले. हा सरळ 60 रुपयांचा तोटा आहे आणि तुम्ही 148 रुपये नफा लिहिता! सातवीच्या मुलांना खोटे हिशेब शिकवू नका. शिवाय हे एक्सेलवर का नाही? आणि शाळेत मुळात दुकान हवंच कशाला?»

शाळेत दुकान असावं की नाही, हा वाद इथे नको. एक्सेलचं नंतर बघू, आधी वहीत रकाने आखता आले पाहिजेत.

‘खोटे हिशेब’ हे मात्र लागलं. चूक दिसली तर जरूर दाखवा, पण मुलांना खोटेपणा शिकवतो म्हणणं हा आरोप आहे, आणि तो लेख पुरता न वाचता केलेला दिसतो. माझी सगळी नोकरी वाणिज्य शिकवण्यात झाली आहे. शिल्लक मालाचा हिशेब मला नवा नाही.

960 रुपयांत 40 नगांचे 3 बॉक्स आले, म्हणजे 120 चिक्क्या, 8 रुपयाला एक. 10 रुपयांनी 90 विकल्या, 30 बरणीत आहेत. त्या 30 चे पैसे आपण दिलेत, पण त्या विकल्या जाणार पुढच्या आठवड्यात. म्हणून त्यांची किंमत या आठवड्याच्या खर्चातून वजा करायची. त्यांतल्या 4 मोडल्या होत्या, त्या सोडल्या. राहिल्या 26, खरेदीच्या भावाने 208 रुपये. विकलेल्या मालाचा खर्च 752, नफा 148. मोडक्या चिक्क्यांचे 32 रुपये याच आठवड्याने सोसले आहेत. मोडका माल मी तळटीपेत दिला, त्याला वेगळा रकाना हवा होता, हे मान्य.

मुलांची चूक तुमच्या उलट असते. ती उरलेल्या चिक्क्या 10 रुपयांनी धरतात. मग 26 चे 260 होतात, नफा 200 दिसतो आणि न विकलेल्या मालावरचे 52 रुपये आधीच खिशात पडल्यासारखे वाटतात. दुसरी गडबड गल्ल्यात होते. सकाळी सुट्ट्यांसाठी ठेवलेली रक्कम आधी बाजूला काढायची, मगच मोजायचं. 90 नग गेले असतील तर 900 निघायला हवेत. 880 निघाले तर 2 चिक्क्या कुणाच्या तरी उधारीत आहेत, नाहीतर सुटे देताना चूक झाली आहे.

तुमच्या हिशेबाने मुलांनी चिक्की बंदच केली असती. प्रत्यक्षात ती रोज 18 जाते. पुढच्या 5 दिवसांना 90, एका दिवसाची जादा 18, त्यातून हातातल्या 26 वजा केल्या की 82 लागतात. बॉक्स 40 चा, म्हणून 2 मागवायचे. 2 नगांसाठी तिसरा बॉक्स घेतला तर पावसाळ्यात चिक्की सादळते. माल यायला 2 दिवस लागतात, त्यामुळे 26 उरेपर्यंत थांबणं उशिराचंच. त्या 2 दिवसांच्या 36 आणि जादा 18, म्हणजे 54 वर आल्या की मागणी नोंदवायची.

राजगिऱ्याच्या लाडवांचं वेगळं आहे. 60 आणले, बुधवारीच संपले. वहीत विक्री 60 दिसते, पण ती 3 दिवसांची आहे. पुढच्या आठवड्याला 60 नव्हे, 100 लागतील.