बाबांची मान

तेरवी जवळ आली की लोक मोबाइल घेऊन आमच्या फोटो स्टुडिओत येतात. "भाऊ, बाबाले कोट घालून देजा. उद्या पायजे." बाबांनी हयातीत कधी कोट घातलेला नसतो, पण भिंतीवर चढायचं तर कोट हवाच, असा आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत अलिखित नियम आहे.

परवाचा फोटो लग्नाच्या मांडवातला, पिवळ्या बल्बखाली काढलेला. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. असा बल्ब साधारण 2700 केल्विनचा. माझ्याकडचा कोटवाला देह स्टुडिओच्या फ्लॅशमधला, म्हणजे 5500 च्या आसपास. चेहरा नुसता उचलून ठेवला तर बाबा काविळीनं गेले असं वाटतं. त्यात बाबा जन्मभर कपाशीत राबलेले आणि कोटातली मान उन्हाला कधी न भेटलेली.

इथे दोन भांडणं वेगळी ठेवावी लागतात. पिवळेपणा उजेडाचा, तो चेहऱ्यावरून काढायचा. सावळेपणा बाबांचा स्वतःचा, त्याला हात लावायचा नाही. तिथे मानेनं बदलायचं. नवशिके चेहराच मानेइतका गोरा करत नेतात, आणि फ्रेम घरी गेली की घरची माणसं विचारतात, हे कोण?

नशिबानं बाबांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. फोटोशॉपच्या Curves मधला करडा ड्रॉपर जिथे टिचकी मारू ती जागा बिनरंगी मानून बाकीचे रंग त्या हिशोबानं वळवतो. तो घेऊन टोपीच्या घडीतल्या सावलीत टिचकी मारली. चमकणारा भाग घेऊ नये. तिथे लाल 255 या शेवटच्या आकड्यावर जाऊन अडकतो, मग पिवळेपणा किती ते कळत नाही. घडीत लाल 190, हिरवा 165, निळा 118 होता. तिन्ही एका रेषेत आले आणि कावीळ उतरली.

मग मान. बदल तिच्यापुरताच राहावा म्हणून मास्क केला आणि Curves ची रेघ मधून खाली ओढून ती गडद केली. मान कपाळाशी जुळवायची नसते, हनुवटीखाली सावली असायचीच. जुळवायची ती जबड्याच्या सावलीतल्या बाजूशी. वर तात्पुरता Black & White लेयर टाकला की रंग जातो आणि उजेड-अंधाराचा फरक तेवढा उरतो. जबड्याखाली गळपट्टा बांधल्यासारखा दिसला नाही, म्हणजे उजेड जुळला. लेयर काढला तर मान अजून गुलाबीच. गुलाबीला हिरवा मारतो, म्हणून हिरवा किंचित वाढवला.

तेवढ्यात मागून मुलगा म्हणाला, "भाऊ, जरासे गोरे करा ना."

"काऊन?" बहीण कडाडली. "बाबा का गोरे होते? वळखू तं येऊ दे!"

मी बहिणीच्या बाजूनं. मान आणखी थोडी रापवली. मग बाह्यांतून डोकावणारे हात दिसले, तेही उन्हात घातले.

पैसे देता देता मुलानं आईचा फोटो पुढे केला. "बाजूले आईलेबी बसवा." निळ्या ताडपत्रीखाली काढलेला. लुगडं निळं, दात निळे, डोळ्यांतलं पांढरंही निळं. आईनं कधी टोपी घातली होती का, हे विचारायचं मी टाळलं.