इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरचा मेसेज आणि "सगळं डिनाय करा" वाला फॉरवर्ड

"इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर हाय व्हॅल्यू ट्रान्झॅक्शनचा मेसेज आला तर घाबरू नका. ती नोटीस नाही. उत्तर दिलं की कबुली होते. फक्त एआयएसमध्ये जाऊन सगळ्या एंट्री डिनाय करा, आपोआप निघून जातात. खरी नोटीस आली की मग सीए बघेल."

हा फॉरवर्ड माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिचा मुलगा रात्री फोन करून म्हणाला, दादा मी दोघांचंही डिनाय करून टाकतो. म्हणून लिहितोय. एरवी सोडून दिलं असतं, पण यात निवृत्त माणसांचं खरंच नुकसान आहे. यातलं एआयएस म्हणजे बँका वगैरे तुमच्याबद्दल आयकर विभागाला जे कळवतात त्याची पोर्टलवरची यादी.

पहिलं वाक्य बरोबर आहे, ते मान्य करून टाकतो. ती नोटीस नाही. सीबीडीटीने, म्हणजे आयकर विभाग चालवणाऱ्या केंद्रीय मंडळाने, २६ डिसेंबर २०२३ ला स्वतःच खुलासा केला होता की हा मेसेज म्हणजे सल्ला आहे आणि जिथे रिटर्न आणि मिळालेली माहिती यात उघड फरक दिसतो अशांनाच तो जातो. फॉरवर्डवाले इथेच थांबतात. त्याच खुलाशात पुढे म्हटलंय की उद्देश हा की करदात्याने पोर्टलवर आपलं म्हणणं द्यावं, आणि गरज असेल तर रिटर्न सुधारावं किंवा भरलं नसेल तर भरावं. म्हणजे नोटीस नाही याचा अर्थ दुर्लक्ष करा असा नाही, अजून स्वतःहून दुरुस्त करायची मुदत हातात आहे असा आहे.

आता मावशीचं उदाहरण पूर्ण सांगतो, कारण त्यात फॉरवर्डमधली सगळी चूक दिसते. मावशी शिक्षिका होती. रिटायरमेंटचे पैसे आले त्यातले १४ लाख तिने एप्रिल २०२३ मध्ये एफडीत टाकले, आणि आपण सगळे करतो तसं मुलाचं नाव जॉइंट लावलं. एका आर्थिक वर्षात एकाच माणसाच्या नव्या मुदत ठेवी १० लाख किंवा जास्त झाल्या की बँकेला ते आयकर विभागाला कळवावंच लागतं (जुन्या एफडीचं नूतनीकरण यात धरत नाहीत), आयकर नियमावलीतला नियम ११४ई तसं सांगतो. आणि त्याच नियमात असंही आहे की खातं एकापेक्षा जास्त लोकांच्या नावावर असेल तर पूर्ण रक्कम प्रत्येकाच्या नावावर दाखवायची. अर्धी अर्धी नाही, पूर्ण. त्यामुळे १४ लाख मावशीच्या एआयएसमध्ये आणि तेच १४ लाख मुलाच्याही एआयएसमध्ये, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दोघांनाही मेसेज. मुलगा घाबरला, कारण त्याचा पगारच तेवढा नाही.

मुलाने "Information is denied" दाबलं तर काय होतं? एंट्री निघून जात नाही. तुमचं म्हणणं माहिती देणाऱ्या बँकेकडे खात्री करायला पाठवलं जातं. मे २०२४ पासून तर ते एआयएसमध्येच दिसतं, बँकेला पाठवलं का, कधी पाठवलं, बँकेने काय उत्तर दिलं. आणि बँक काय म्हणणार, केवायसी आहे, सही आहे, हो यांचीच एफडी आहे. आता रेकॉर्डवर काय राहिलं? तुम्ही नाही म्हणालात आणि बँक हो म्हणाली. आधी फक्त आकड्यातला फरक होता, आता तुमच्या नावावर एक खोटं विधान आहे, आणि ते तुम्ही स्वतः लॉगिन करून दिलंय. डिनाय हा पर्याय जे खरंच तुमचं नाही त्याच्यासाठी आहे, म्हणजे कोणीतरी तुमचा पॅन चुकीचा टाकलाय वगैरे.

मुलासाठी बरोबर पर्याय होता "Information relates to other PAN/Year". त्यात आईचा पॅन आणि रक्कम टाकायची, झालं. पैसे तिचे, व्याज तिचं, टीडीएसही तिच्याच पॅनवर कापलेला, कारण ती पहिली खातेदार.

मावशीसाठी "Information is correct". इथे फॉरवर्डचा "कबुली" वाला मुद्दा येतो आणि लोक याच शब्दाला घाबरतात. कबुली कशाची? एफडी केली याची. एफडी करणं म्हणजे उत्पन्न नाही. पैसे कुठून आले ते निवृत्तीच्या कागदांवर आणि पासबुकात दिसतंय.

पण मेसेज नीट वाचला म्हणून दुसरीच गोष्ट सापडली. एफडी क्युम्युलेटिव्ह होती, व्याज हातात आलं नव्हतं म्हणून मावशीने ते रिटर्नमध्ये दाखवलंच नव्हतं. बँकेने मात्र वर्षाचं १,०५,००० व्याज कळवलं होतं आणि त्यावर १०,५०० टीडीएस कापला होता. तिने जुनी करपद्धत घेतलेली, पेन्शनमुळे २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, आणि ज्येष्ठ नागरिकाला व्याजावर मिळणारी ८०टीटीबी ची ५०,००० ची वजावट अख्खी शिल्लक होती. म्हणजे करपात्र ५५,०००, त्यावर सेससकट कर ११,४४०, टीडीएस वजा जाता भरायचे फक्त ९४० रुपये. तिने मुदतीत सुधारित रिटर्न भरलं, विषय मिटला.

फॉरवर्ड ऐकला असता तर? सुधारित रिटर्नची मुदत गेली की राहतं अपडेटेड रिटर्न, त्यात पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, पुढे ५० टक्के, आणि ते वाढत जातं. तेही केलं नाही आणि विभागानेच ते व्याज शोधून जोडलं तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड, इथे ५,७२०. आणि चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २०० टक्के, म्हणजे २२,८८०. हे त्या ९४० रुपयांच्या वर आणखी! आणि "सीए बघेल" म्हणतात त्यांनी हे लक्षात घ्या की नोटीस आल्यावर सीएसुद्धा उलटा जाऊन सुधारित रिटर्नची मुदत आणून देऊ शकत नाही.

एक काळजी मात्र खरी आहे, याच नावाने खोटे ईमेल आणि एसएमएस पण फिरतात. म्हणून कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका. स्वतः incometax.gov.in टाइप करून लॉगिन करा, Pending Actions मध्ये Compliance Portal, तिथे e-Campaign. तिथे काही दिसत नसेल तर एआयएस उघडून तपासा, दोन्हीकडे काही नसेल तर तो मेसेज सोडून द्या. पासवर्ड, ओटीपी कोणालाही नाही.

आणि ज्यांनी आधीच घाईत डिनाय दाबलंय त्यांच्यासाठी: एआयएसमध्ये त्याच एंट्रीवर जाऊन फीडबॅक बदलता येतो, बँकेचं उत्तर यायच्या आधी बदललेला बरा. मग Activity History मध्ये बदल दिसतोय का ते बघा आणि पीडीएफ उतरवून एफडीच्या पावतीसोबत ठेवा. मावसभावाचं आज रात्री मी बसून करून देणार आहे.