पोळी कडक नव्हती, मेथी उशिरा निवडली जात होती

भोसरीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटीत काढली. त्यामुळे घरात कुणी "फार तक्रारी येतायत" म्हटलं, की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. यावेळी म्हणणारी होती माझी वहिनी. कर्वेनगरला तिचा डब्यांचा धंदा आहे, रोजचे साधारण १२० डबे. मला म्हणाली, "भाऊजी, पोळी लाटणारी बाई बदलायला झालीय. रोज कुणी ना कुणी म्हणतंच, पोळी कडक."

मी म्हटलं, "वहिनी, बाई बदला, पण आधी मला चार आठवड्यांचे मेसेज द्या."

कारखान्यात "पॅरेटो काढ" हा हुकूम आम्ही इतक्यांदा ऐकलाय की त्याचा अर्थ कधीच झिजून गेलाय. तक्रारींचे प्रकार मोजायचे, सगळ्यात जास्त वेळा आलेल्या प्रकाराचा खांब डावीकडे, मग उतरत्या क्रमाने बाकीच्यांचे, आणि वरून टक्क्यांची बेरीज दाखवणारी रेघ. म्हणजे कुठल्या दोन-तीन गोष्टींवर हात घालायचा ते कळतं. पॅरेटो हा इटालियन अर्थशास्त्रज्ञ, त्याचा अभ्यास संपत्तीच्या वाटणीचा. दोषांच्या मोजणीला त्याचं नाव चिकटवलं जोसेफ जुरान यांनी, आणि १९७५ साली त्यांनीच लिहून कबूल केलं की नाव चुकीच्या माणसाचं पडलं. आता ते निघायचं नाही, सोडा.

तर मेसेज मोजले. १०६ निघाले. त्यातले ११ एकाच आजोबांचे, सगळे "मीठ कमी". आजोबांना जेवण अळणी लागत असेलही, पण एका माणसाची एकच गोष्ट अकरा वेळा धरली तर तक्ता त्यांचाच होतो. ते ११ मी एक धरले. उरल्या ९६.

पहिला तक्ता असा आला: पोळी कडक ३१, डबा उशिरा २४, रस्सा सांडला १७, चुकीचा डबा ९, भाजीची चव ७, हिशोबाची चूक ५, किरकोळ ३. पहिल्या तीनमध्येच तीन चतुर्थांश तक्रारी. वहिनी म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं? पोळीच."

माझं भांडण नेमकं इथे आहे, आणि ते फक्त वहिनीशी नाही. मोठमोठ्या मीटिंगांमध्येही लोक हाच तक्ता पडद्यावर लावून "टॉप थ्री" जाहीर करतात आणि चहाला उठतात. पण हा तक्ता कारणांचा नाही. गिऱ्हाईक जे बोललं, त्याचा आहे. डबा उघडल्यावर हाताला जे लागलं ते गिऱ्हाईक सांगतं, स्वयंपाकघरात काय झालं ते त्याला कुठून कळणार? "पोळी कडक" हे लक्षण झालं. लक्षणांची क्रमवारी लावून दुरुस्ती ठरवली, तर चांगली पोळी लाटणारी बाई घरी जाते आणि तक्रार तिथेच राहते.

म्हणून मी त्या ३१ आणि २४ तक्रारींसमोर तारीख आणि वार लिहिला. फार हुशारीचं काम नाही, तासभर लागला. आणि मग दिसलं ते असं, की दोन्ही तक्रारी मंगळवारी आणि शुक्रवारी दाटून येत होत्या. बाई तर रोज तीच. मग या दोन वारी वेगळं काय? वहिनीच्या भिंतीवरच्या मेनूत उत्तर होतं: पालेभाजी.

एका मंगळवारी सकाळी जाऊन नुसता बसलो. मेथीच्या जुड्या सकाळी आल्या, निवडायला दोघी बसल्या, धुवून चिरेपर्यंत नेहमीपेक्षा पाऊण तास जास्त गेला. पोळ्या मात्र रोजच्या वेळेला तयार. भाजी डब्यात पडल्याशिवाय डबा बंद होत नाही, म्हणून पोळ्या परातीत, पंख्याखाली, उघड्या. पोरं डबे घेऊन निघाली तोवर नळ स्टॉपच्या चौकात गर्दी सुरू झालेली. म्हणजे एकाच उशिराच्या पोटातून दोन तक्रारी जन्मत होत्या, कुणाला वाळलेली पोळी आणि कुणाला उशिरा आलेला डबा. पहिल्या तक्त्यात त्या दोन वेगळ्या रांगांत उभ्या होत्या.

प्रत्येक तक्रारीमागचं कारण शोधून पुन्हा मांडणी केली. काही ठिकाणी अंदाजच करावा लागला, तो मी पेन्सिलने लिहिला. भाजीपायी रखडलेली खेप ३७ (पोळीच्या २१, उशिराच्या १६). झाकणाची रिंग झिजलेले डबे १६. कणकेचा दोष १०, चुकीचा डबा ९, रस्त्यावरची गर्दी ८, चव ७, हिशोब ५, किरकोळ ४. बेरीज तीच ९६, पण क्रमवारी वेगळी. पोळी लाटणाऱ्या बाईंचं नाव यादीत कुठेच नाही.

पहिली दोन कारणं मिळून ५५ टक्के झाली. ८० नाही. "वीस टक्के कारणं, ऐंशी टक्के त्रास" हा काही निसर्गनियम नाही. आकडे तसे यावेत म्हणून लोक प्रकार एकत्र कोंबतात, तेव्हा मला हसू येतं. तसाच "इतर"चा खांब. तो पहिल्या दोन-तीन खांबांएवढा उंच झाला, तर समजा की प्रकार पाडतानाच कंटाळा केलाय.

एका बाबतीत मात्र मी मोजणी बाजूला ठेवली. चुकीच्या डब्यांच्या ९ तक्रारींत एक होती शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीची. तिच्या हातात दाण्याचं कूट घातलेली भाजी पडली होती. तिने वासावरून ओळखलं, खाल्ली नाही. ही तक्रार एकदाच आलीय म्हणून चौथ्या नंबरावर थांबवायची? त्याच संध्याकाळी वेगळ्या डब्यांच्या कड्यांना लाल दोरा बांधायला सुरुवात झाली. खर्च जवळपास शून्य. खांबाच्या उंचीत किती वेळा ते दिसतं, किती वाईट ते दिसत नाही.

मेथीचा उपाय वहिनीनेच काढला. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी जुड्या आणून निवडून ठेवायच्या, सकाळी फक्त धुवायच्या आणि चिरायच्या. दोघींना त्या दोन संध्याकाळचे जास्तीचे पैसे द्यावे लागले, वहिनीने थोडी कुरकुर केली, पण दिले. रिंगा रविवार पेठेत मिळाल्या.

पुढचे चार आठवडे डबे तेवढेच ठेवून पुन्हा मोजलं. डबे कमी-जास्त झाले असते तर नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरली असती, मग शंभर डब्यांमागे किती ते बघावं लागलं असतं. यावेळी ५३ आल्या. खेपेमुळे ११, रिंगमुळे २, चुकीचा डबा १. कणीक ११, गर्दी ९, चव ८, हिशोब ६, किरकोळ ५, म्हणजे ही मंडळी जवळपास होती तिथेच. खांब सगळे बुटके झाले. अशा सपाट तक्त्याकडून "पहिलं काय" याचं उत्तर मागू नये. जे स्वस्तात सुटेल ते सोडवावं, नाहीतर वेगळ्या बाजूने फोड करावी: रस्त्यानुसार, पोचवणाऱ्या पोरानुसार, कणकेच्या पोत्यानुसार.

आता माझीच एक चूक सांगतो. मी फक्त मेसेज मोजले होते. पहिल्या चार आठवड्यांत नऊ जणांनी डबा बंद केला होता आणि त्यातल्या बहुतेकांनी एकही तक्रार केली नव्हती. वहिनीने नंतर एकेकाला फोन लावला. पाच जण म्हणाले, बॅगेत रस्सा सांडला, लॅपटॉप थोडक्यात वाचला, दुसऱ्या दिवसापासून दुसरीकडे लावला. पोळीचं नाव एकानेही घेतलं नाही. पोळी कडक म्हणणारे ३१ मेसेज करून डबा चालूच ठेवत होते, आणि रस्सा सांडलेले न बोलता निघून जात होते. हे फोन आधी केले असते, तर मेथीच्या आधी मी रविवार पेठ गाठली असती.