ओकाराची खोड

मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, हजेरीपत्रकात काही घोळ असेल. घोळ वेगळाच निघाला. मुलींचा खो-खोचा संघ गोव्यातच वाळपईला खेळायला जाणार होता आणि त्याला नाव हवं होतं.

"डरकाळी फोडल्यासारखं पाहिजे. आणि गावाला ओरडायला सोपं. तुम्ही मराठीचे, तुम्हांला पाच मिनिटांचं काम!"

त्या पाच मिनिटांचे तीन आठवडे झाले.

पहिलं नाव मी काढलं 'वज्रसिंहिनी'. फळ्यावर काय दिसलं म्हणून सांगू! मग सहावीच्या वर्गाला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. मैदान सत्तावीस मीटरचं. तेवढ्यात माझ्यापर्यंत पोचलं ते "ज्जशिंइणी". चौथ्या वेळी तर पोरं नुसतंच "इणी, इणी" करत होती, जणू कुणी लग्नातल्या विहीणबाईंना हाक मारतंय. जोडाक्षर वाऱ्यावर टिकत नाही, हे व्याकरणाच्या पुस्तकात कुणी लिहिलेलं नाही.

मग 'वाघ'. सोपं, सुटसुटीत. पण 'वाऽऽ' म्हणून तोंड उघडावं तर शेवटचा घ येऊन दार लावून घेतो. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी गाण्याला दाद देतंय. तेव्हा आमचे पीटीचे मास्तर म्हणाले, "सर, वाघ्रो करा की!" वाघाला देव मानून वाघ्रो म्हणून पुजतात ही आमच्याकडची रीत. नावात श्रद्धा होती, डरकाळी होती आणि शेवटी ओ होता, तोंडभर. मी खूश.

इथे खेळाबद्दल एक सांगायला हवं. आठ मुली रांगेत बसतात, एक इकडे तोंड करून, पुढची तिकडे. नववी धावते. पकडायची सोय होईल तिथे ती बसलेलीच्या मागून येते, पाठीवर हात लावते आणि 'खो' म्हणते. हात आणि शब्द दोन्ही मिळाल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. उठली की पंचांची शिट्टी. पाठीमागे काय चाललंय ते तिला दिसत नाही. तिची सगळी भिस्त पाठीवर आणि कानांवर.

सरावाला गाव लोटला. "वाघ्रोऽऽ! वाघ्रोऽऽ!" लांबून त्यातला वाघ गळून पडला आणि उरला तो फक्त 'ओऽऽ'. तिसऱ्या चौकोनातली उठली. पाचव्यातली उठली. सातवी अर्धवट उठून, चूक लक्षात येऊन पुन्हा बसली, तेवढ्यात जिला खरा खो मिळाला होता ती ओरड्यात तो ऐकूच न आल्यामुळे शांतपणे बसून राहिली. पळणाऱ्या तिघींपैकी एक तर थांबून हसायला लागली.

म्हटलं, ओकार नको. आकार घ्यावा. गवा! गव्याला राज्यप्राण्याचा मान आहे, शेवटी 'आ' आहे, गावातल्या प्रत्येकाच्या कुळागरात तो एकदा तरी शिरून गेलेला आहे. तो डरकाळी फोडत नाही, फुरफुरतो, पण मी आता थकलो होतो. "गवाऽऽ! गवाऽऽ!" पहिली पाच मिनिटं झकास गेली. मग कडेच्या पोफळीला टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला हाक मारली.

"मास्तर, ताका गवो म्हणटात. गवा न्हय."

आणि त्यांनी स्वतःच दाखवून दिलं: "गवोऽऽ!" गावानं ते उचललं. तिसऱ्या चौकोनातली उठली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शाळेत आम्ही मराठीत घोडा शिकवतो, मैदानावर गाव कोंकणीत घोडो ओरडतो. मी कुठलाही दमदार पुल्लिंगी आकारान्त प्राणी आणला, तरी मैदानाच्या कडेला पोचेपर्यंत त्याला ओ लागणार, आणि ओ लागला की आमची पोर उठणार. म्हणजे नाव स्त्रीलिंगी हवं. ईकारान्त हवं. घोडी दोन्हीकडे घोडीच राहते.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मुख्याध्यापकांचं वाक्य आठवलं. डरकाळी! डर, काऽऽ, ळी. टाळ्या तीन, मधला 'का' हवा तेवढा ताणता येतो, शेवटची 'ळी' चापट मारल्यासारखी थांबते. तीन आठवडे शब्द माझ्यासमोरच पडला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

वाळपईला सगळं छान चाललं होतं. "डर, काऽऽ, ळी!" पोरी दगडासारख्या बसलेल्या, हात लागल्याशिवाय कुणी हलत नव्हती. दुसऱ्या डावात एक गडी खांबाजवळ अडकला, आमची मुलगी सूर मारायच्या बेतात होती, आणि तेवढ्यात आजोबांना राहवेना. ते उभे राहिले, हात वर केले आणि ओरडले, "डरकाळ्योऽऽ!"

तिसऱ्या चौकोनातली उठली. शिट्टी.

मी आजोबांकडे नुसतं बघितलं.

"कितें जालें?" ते म्हणाले. "एक डरकाळी. णव चलयो, म्हणल्यार णव डरकाळ्यो!"