खोली घेताना आधी भिंत बघा

विद्यार्थ्याला खोली देताना जो मालक कागद करत नाही, तो कितीही गोड बोलला तरी ती खोली घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हे मला माझ्या घरमालकांनीच शिकवलं.

जतसारख्या दुष्काळी भागातून मी रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात शिकायला आलो, तेव्हा ओल म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. शिरगावात खोली बघायला गेलो. काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी पंखा, नळ काही दाखवायच्या आधी पश्चिमेची भिंत दाखवली. "इथे हात लाव. चिरा पाणी ओढतो. पावसाळ्यात हा डाग छातीपर्यंत चढणार. आताच फोटो काढून ठेव." मग खाट भिंतीपासून वीतभर लांब ओढली, आणि पुस्तकं कोनाड्यात ठेवू नकोस, बुरशी धरते, असं बजावलं. कपड्यांच्या कपाटात रात्री पिवळा बल्ब लावून ठेवायची युक्तीही त्यांचीच.

तीन हजार भाडं, दहा हजार डिपॉझिट. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार त्यांनी रीतसर नोंदवला. दोघांचे आणि साक्षीदारांचे अंगठे झाले. मुद्रांक शुल्क पाव टक्क्याच्या हिशोबाने, म्हणजे माझ्या आठवड्याच्या चहापेक्षा फार नाही. करारात त्यांनी भिंतीचा डाग आणि मीटरचं त्या दिवशीचं रीडिंगसुद्धा लिहायला लावलं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं बरेच जण सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही.

माझा एक वर्गमित्र दुसरीकडे राहायचा, सगळं तोंडी. खोली सोडताना मालकाने बुरशीच्या रंगकामाचं कारण सांगून त्याचं आठ हजारांचं डिपॉझिट अडकवलं. मी त्याला काकांकडे नेलं. काकांनी चष्मा लावला आणि भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ आम्हाला वाचून दाखवलं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. शिवाय शिक्षेची तरतूद आहेच. "भांडायला जाऊ नको. एवढंच शांतपणे सांग, आणि भाडं पाठवल्याच्या नोंदी दाखव," ते म्हणाले.

मित्र निघाला तसं काकांनी विचारलं, "तुझ्या हातून काही मोडलंय का तिथे?"

"मोरीतला नळ."

"मग त्याचे पैसे आधी तू काढून ठेव. ओल त्याच्या घराची, नळ तुझा."

नळाचे सहाशे वजा करून बाकीचे पैसे त्याला त्याच आठवड्यात मिळाले.