पाटी दिसली म्हणजे कार्यालय आहे असं नाही

"संस्थेच्या देणगीच्या आवाहनावर चिपळूणचा पत्ता छापलाय, पण ऑफिस खरंच तिथे आहे हे घरबसल्या कसं कळणार?"

दादा, घरबसल्या अर्धंच कळतं. आवाहनावर नोंदणी क्रमांक असेल तर धर्मादाय कार्यालयात त्या संस्थेच्या 'परिशिष्ट १'ची नक्कल मागा. त्यात पत्ता आणि विश्वस्तांची नावं असतात. पत्ता किंवा विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, पण आपल्याकडे तो वर्षानुवर्षं राहून जातो. त्यामुळे पत्ता जुळला नाही म्हणजे लगेच लबाडी, असं समजू नका. कित्येक छोट्या संस्था विश्वस्ताच्या घरच्याच पत्त्यावर नोंदलेल्या असतात.

2021 च्या पुरानंतर आमच्याकडे असंच एक पत्रक आलं. मी स्वतः गेलो. जिन्यात पाटी होती, अगदी नवी कोरी! दाराला मात्र कुलूप. खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "पाटी लावून गेले, परत कोण आलेलं बघितलं नाय." मग पोस्टमनला गाठलं. त्या नावाची पत्रं परत जातात, असं तो म्हणाला. खरी माहिती त्याच्याकडेच असते हो. जाणं जमत नसेल तर त्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र टाका आणि परत आलं तर पाकिटावरचा शेरा वाचा.

त्या संस्थेला मी शेवटी एवढंच विचारलं, विश्वस्तांपैकी कोण, कुठल्या दिवशी तिथे भेटेल? उत्तरादाखल पुन्हा क्यूआर कोडच आला.