कुलूप दिसलं म्हणजे साइट सरकारने तपासली? कोणी सांगितलं?

"वेबसाइटच्या पत्त्यापाशी हिरवं कुलूप दिसलं म्हणजे ती साइट सरकारने तपासलेली असते, 100% ओरिजिनल. अशा साइटवर आधार नंबर, ओटीपी, एटीएम पिन बिनधास्त टाका, काही होत नाही. कुलूप नसलेली http साइट नुसती उघडली तरी मोबाईल हॅक होतो. सर्व शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा 🙏"

पारोळा, अमळनेरकडच्या कापूसवाल्यांच्या ग्रुपमधून फिरत फिरत हे आमच्या घरच्या ग्रुपवर आलं. आणि परवा आमचे आप्पा किसान सन्मानच्या केवायसीसाठी कोणीतरी पाठवलेली लिंक उघडून आधार नंबर टाकायला बसले होते. मी म्हटलं आप्पा थांबा, ही साइट खोटी आहे, तर मलाच म्हणतात "अरे भो, कुलूप दिसी राह्यनं ना, मंग?" म्हणून हे सविस्तर लिहितोय. मेसेज चांगल्या मनाने पाठवला असेल, पण यामुळे माणूस सावध होत नाही, उलट निर्धास्त होऊन चोराच्या हातात सगळं देतो.

सगळ्यात आधी ते "सरकारने तपासलेली". सरकारचा यात कुठेच संबंध येत नाही. कुलूप दिसण्यासाठी साइटवाल्याला एक सर्टिफिकेट लागतं, ते देणाऱ्या जगभरात अनेक संस्था आहेत, त्यांना सर्टिफिकेट अथॉरिटी म्हणतात. त्यातली एक मोठी संस्था म्हणजे लेट्स एन्क्रिप्ट, अमेरिकेतली ना-नफा संस्था, 2015 च्या डिसेंबरपासून ती कोणालाही फुकटात सर्टिफिकेट देते. काम चांगलंच आहे, लहान लहान साइटवाल्यांना त्याचा खूप फायदा झाला. पण त्या काय तपासतात ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे.

समजा एका भामट्याने काहीशे रुपयांत असा पत्ता विकत घेतला (शेवटचा तुकडा मी मुद्दाम बदललाय, कोणी चुकून उघडायला नको):

```
ekyc-labh.example
```

विकत घेतला म्हणजे त्याच्या आधी हवे ते शब्द तो फुकटात जोडू शकतो, त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. तो जोडतो:

```
https://pmkisan.gov.in.ekyc-labh.example/kyc
```

आता तो सर्टिफिकेट मागतो. समोरून त्याला एक आकड्या-अक्षरांचा तुकडा मिळतो आणि सांगितलं जातं की हा तुझ्या साइटवर `/.well-known/acme-challenge/` या जागी ठेवून दाखव. तो ठेवतो, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअरच ठेवतं. संस्थेचे कॉम्प्युटर दोन-चार वेगवेगळ्या ठिकाणांहून तो तुकडा वाचून बघतात. सापडला, म्हणजे या पत्त्यावर या माणसाचा ताबा आहे एवढं सिद्ध झालं, आणि सर्टिफिकेट मिळालं. काही मिनिटांचं काम. आधार कार्ड नाही, पॅन नाही, सातबारा नाही, कोणी माणूस फोन करून विचारत नाही की बाबा तू कोण, इथे काय विकणार. लेट्स एन्क्रिप्टने तर 2015 सालीच स्पष्ट लिहून ठेवलंय की साइटवर काय आहे ते तपासत बसणं हे सर्टिफिकेट देणाऱ्याचं काम नाही.

तुम्ही ती लिंक दाबता तेव्हा तुमचा ब्राउझर त्याच्याकडून हे सर्टिफिकेट घेतो आणि बघतो की त्यावरचं नाव आणि वरच्या पट्टीतला पत्ता जुळतो का, तारीख संपलेली नाही ना, आणि देणारी संस्था आपल्या ओळखीच्या यादीतली आहे का. तिन्ही बरोबर. मग दोघांमध्ये गुप्त किल्ली ठरते आणि कुलूप येतं. यात ब्राउझरची काहीच चूक नाही, त्याने जे सांगितलं ते खरंच आहे: तुम्ही `pmkisan.gov.in.ekyc-labh.example` याच पत्त्याशी बोलताय आणि मधे कोणी ऐकत नाहीये. तो पत्ता चोराचा आहे की सरकारचा, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सरकीच्या पाकिटाचं सील शाबूत आहे म्हणजे रस्त्यात कोणी ते फोडलं नाही, आतलं बियाणं बोगस नाही असं काही सील सांगत नाही. बोगस बियाण्याने हात पोळलेल्या आपल्या भागात तरी हे पटायला हरकत नाही.

आता यात अर्धं खरं काय आहे तेही सांगून टाकतो, नाइलाजाने का होईना. एक जास्त कडक सर्टिफिकेट असतं, त्यासाठी कंपनीची कागदपत्रं खरंच तपासली जातात. पूर्वी बँकांच्या साइटवर कुलपाशेजारी हिरव्या रंगात कंपनीचं नाव यायचं ते हेच. तेव्हाही ती तपासणी सरकार करत नव्हतं, पण "हिरवं म्हणजे पक्कं" ही समजूत बहुतेक तिथूनच आली. मात्र लोक ते नाव बघतच नाहीत म्हणून क्रोमने 2019 च्या सप्टेंबरमध्ये ते पट्टीतून काढून टाकलं, फायरफॉक्सनेही पुढच्याच महिन्यात. आणि हिरवा रंग तर क्रोमने 2018 मध्येच घालवला होता. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने ज्या हिरव्या कुलपावर विश्वास ठेवायला सांगितलंय ते क्रोममध्ये आता येतच नाही.

एवढंच काय, साधं कुलूपसुद्धा क्रोमने 2023 मध्ये बदललं. त्या जागी आता दोन आडव्या दांड्या-गोळ्यांचं, सेटिंगसारखं चिन्ह येतं. का बदललं याचं कारण गुगलने स्वतःच दिलंय, आणि माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो. त्यांनी 2021 मध्ये अभ्यास केला तेव्हा फक्त 11% लोकांना कुलपाचा खरा अर्थ सांगता आला, बाकीचे "साइट भरवशाची आहे" असंच समजत होते किंवा त्यांना माहीत नव्हतं. आणि त्याच निवेदनात म्हटलंय की जवळपास सगळ्या फसव्या साइट एचटीटीपीएसवरच, म्हणजे कुलूपवाल्याच असतात. कुलूप ज्यांनी जगभर नेलं तेच सांगतायत की बाबांनो याच्यावर साइटची पारख करू नका. अमेरिकेच्या एफबीआयनेही 2019 च्या जूनमध्ये हाच इशारा दिला होता.

दुसरा मुद्दा ओटीपी आणि पिनचा, आणि माझा खरा राग याच्यावर आहे. "बिनधास्त टाका" म्हणजे काय? खोटी साइट काम कशी करते बघा. तुम्ही तिथे मोबाईल नंबर किंवा कार्डाचा नंबर टाकता, तो त्याच क्षणी चोराच्या स्क्रीनवर दिसतो. तो तिकडे खऱ्या साइटवर तोच नंबर टाकतो, म्हणून तुम्हाला ओटीपी येतो, आणि तो खऱ्या बँकेकडूनच येतो, त्यामुळे तुमचा संशय उरलासुरला जातो. तुम्ही तो खोट्या पानावर टाइप करता आणि पुढच्या मिनिटाला तिकडे व्यवहार पूर्ण. या सगळ्यात कुलूप आपलं काम चोख करत असतं, तुमचा ओटीपी मधल्या कोणालाही दिसत नाही, फक्त चोराला दिसतो कारण तुम्ही त्यालाच पाठवलाय. आणि एटीएमचा पिन हा मशीनवर किंवा दुकानातल्या स्वाइपवर टाकायचा असतो, केवायसीच्या पानावर तो मागितला की तिथेच ओळखायचं की हे खोटं आहे, मग वर कितीही कुलपं असोत. काही भामटे तर पानाच्या आतच कुलपाचं चित्र लावतात, त्याला काहीच किंमत नाही.

मग ओळखायचं कसं? पत्ता वाचायचा, आणि उलटा वाचायचा. `https://` नंतरची पहिली तिरकी रेघ शोधा, तिच्या डावीकडचा शेवटचा तुकडा म्हणजे मालक. वरच्या उदाहरणात रेघेच्या लगेच आधी `ekyc-labh.example` आहे, तोच मालक. त्याच्या आधी `gov.in` लिहिलंय ते नुसती सजावट. खऱ्या साइटला रेघेच्या आधी `pmkisan.gov.in` एवढ्यावरच पत्ता संपतो, कारण `.gov.in` सरकारी खात्यांशिवाय कोणाला मिळत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता `.bank.in` हा वेगळा शेवट ठरवलाय, तोही बँकांशिवाय कोणाला मिळत नाही. मोबाईलवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून पट्टीवर बोट दाबून पूर्ण उघडा आणि शेवटपर्यंत सरकवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे आलेली लिंक दाबूच नका, पत्ता स्वतः टाइप करा. आणि व्हॉट्सअपवर जी एपीके फाइल येते "हे ॲप टाका" म्हणून, तिथे तर पत्त्याची पट्टीच नाही, तेव्हा कुलूप बघायचा प्रश्नच येत नाही. ती टाकायची नाही.

http साइट उघडली की मोबाईल हॅक, हे एवढं सरळ नसतं. कुलूप नसलं तर मधला माणूस, म्हणजे समजा स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलेला कोणी, तुम्ही काय वाचताय आणि काय टाइप करताय ते बघू शकतो, पान बदलूही शकतो. त्यामुळे तिथे पासवर्ड, कार्ड नंबर, काहीही टाकू नका, मेसेजमधला एवढा भाग मला मान्य आहे. पण एखाद्या जुन्या साइटवर कापसाचा भाव नुसता वाचला म्हणून फोन कोणाच्या ताब्यात जात नाही. क्रोम 2018 पासून अशा साइटवर "सुरक्षित नाही" असं लिहितो, त्याचा अर्थ इथे काही भरू नका, एवढाच घ्या.

ज्यांनी हा मेसेज वाचून कुठे माहिती भरली असेल त्यांनी लाजू नका. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त, नंतर `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा आणि बँकेला सांगून कार्ड बंद करा. नुसता आधार नंबर दिला असेल तर एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आणि ग्रुप ॲडमिन मंडळी, तो मेसेज अजून वरच आहे, तेवढा डिलीट करा.